प्लिंथची भराई थराथरानं कशी करायची, म्हणजे फरशी नंतर खचत नाही

परवा एका घरात गेलो होतो, खानापूर रोडच्या बाजूला, घर बांधून दीड वर्ष झालंय. हॉलच्या कोपऱ्यात, बरोबर कॉलमच्या जवळ, स्कर्टिंगच्या खाली बोट जाईल एवढी फट पडलेली आणि टाइल्सवर बोटानं टकटक केलं की मडक्यावर वाजवल्यासारखा आवाज येत होता. मालक म्हणाले टाइल्सवाल्यानं काम बरोबर केलं नाही. दोन टाइल्स काढल्या, खालचं काँक्रीट फोडलं, तर काँक्रीट हवेत लटकलेलं, त्याच्या खाली हाताचा पंजा आत जाईल एवढी पोकळी, आणि अजून खाली उकरलं तर सिमेंटची रिकामी पोती आणि सेंटरिंगची एक फळी. टाइल्सवाल्याचा काय दोष यात?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात साइटवर फिरताना मी हेच परत परत बघतो. फरशी खोलीच्या मधोमध फार कमी वेळा खचते, खचते ती कॉलमच्या भोवती आणि बीमच्या कडेनं, कारण तिथं खाली फूटिंगचा खड्डा असतो आणि वर मशीन पोचत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात मधल्या भागाचं कमी आणि या दोन जागांचं जास्त आहे.

१. माल आधी ठरवा, गाडी नंतर बोलवा

आपल्याकडं एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेलं की माती बदलते. बेळगाव-खानापूरकडं तांबडी माती आणि मुरूम, निपाणी-चिकोडीकडं गेलं की बऱ्याच ठिकाणी काळी. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, त्यामुळं ती कितीही ठोकली तरी फरशीच्या खाली चालत नाही, एका ऋतूत फरशी उचलणार आणि दुसऱ्या ऋतूत सोडून देणार. फूटिंगच्या खोदाईतून निघालेली काळी माती साइटवर ढीग लावून पडलेली असते आणि कॉन्ट्रॅक्टरला ती फुकटात मिळालेली असते, मग तीच आत ढकलली जाते. ती बागेत टाका, शेतात टाका, पण प्लिंथमध्ये नको. आणि जागाच काळ्या मातीची असेल तर नुसती वरून मुरूमाची भराई करून भागत नाही, खालची किती काढायची आणि मुरूमाचा थर किती जाड द्यायचा हे इंजिनियरकडून लिहून घ्या, तिथं अंदाजपंचे चालत नाही.

भराईला चांगला म्हणजे मुरूम, ज्यात बारीक खडे आहेत, थोडी माती आहे आणि मुठीएवढ्यापेक्षा मोठे धोंडे नाहीत. नुसती तांबडी चिकट माती असेल तर तीही बसते, पण तिला पाणी अगदी मापात लागतं आणि पाऊस पडला की चार दिवस काम बंद. जुन्या घराचा राडारोडा, विटांचे तुकडे, कौलांचे तुकडे हे आत नको, दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत माती जात नाही आणि पुढं पाण्याबरोबर हळूहळू वरची माती त्या जागेत उतरते.

आता माल किती लागेल हे काढू, कारण इथंच बऱ्याच जणांचं चुकतं. एक हॉल धरू, बीमच्या आतून १२ फूट बाय १६ फूट. जमिनीवर दीड फूट चिऱ्याचं बांधकाम आणि त्यावर १५ इंचाचा प्लिंथ बीम, म्हणजे जमिनीपासून बीमच्या माथ्यापर्यंत ३३ इंच. हिशोब सोपा राहावा म्हणून फरशीचा माथा बीमच्या माथ्याबरोबर धरला. त्यातून टाइल्स आणि खालचा मसाला २ इंच, काँक्रीट ४ इंच, दगडाची सोलिंग ६ इंच, असे १२ इंच वजा केले की मातीला २१ इंच राहतात. जमिनीवरची गवताची ६ इंच माती काढून टाकायची आहे (का ते पुढं येतंय), म्हणजे एकूण २७ इंच. १९२ चौरस फूट गुणिले सव्वादोन फूट, ४३२ घनफूट, म्हणजे ४.३ ब्रास. पण हा ठोकून बसलेला मुरूम झाला. गाडीतून येतो तो मोकळा असतो, तो ठोकल्यावर साधारण पाव-एक हिस्सा कमी होतो, म्हणून १.३ नं गुणायचं, तर गाडीतून साडेपाच ब्रासच्या वर आला पाहिजे.

आता उलट्या बाजूनं बघा. एखाद्यानं साडेचार ब्रासमध्येच हा हॉल लेव्हलला भरून दाखवला, तर त्यानं माल वाचवला असं नव्हे, आत मोकळा मुरूम आहे आणि उरलेला एक ब्रास फरशी खचून वसूल होणार आहे.

२. फूटिंगचे खड्डे: सगळ्यात आधी, आणि प्लिंथ बीमच्या आधी

हा टप्पा बीम भरायच्या आधीचा आहे. कॉलम जमिनीच्या वर आले की जेसीबीवाला येतो, दहा मिनिटांत सगळे खड्डे ढकलून भरतो, वरून बकेट दोन वेळा आपटतो आणि जातो. वरून बघितलं तर मस्त सपाट मैदान. पाच फुटाच्या खड्ड्यात मोकळी माती ढेकळांसकट पडलेली असते आणि तिच्यावर आपण पुढं बीमची, भराईची, सोलिंगची आणि फरशीची रास लावतो. बीम कॉलमवर टेकलेला असतो म्हणून तो जागचा हलत नाही, पण त्याच्या शेजारची फरशी मातीवर आहे, ती खाली जाते. कॉलमच्या जवळच फट का पडते याचं उत्तर एवढंच.

खड्डा असा भरायचा:

आधी आत उतरून साफ करा. पोती, फळ्या, बाइंडिंग वायरचे गुंडाळे, पाण्याच्या बाटल्या, सगळं बाहेर. लाकूड आणि पोती कुजतात आणि तेवढी जागा रिकामी होते, शिवाय लाकडाला वाळवी लागते. पाणी साठलं असेल तर उपसा, चिखल झालाय तो खरवडून काढा, चिखलावर कोरडा मुरूम टाकून "बसला की आता" म्हणायचं नाही.

मग ६ इंच मोकळा मुरूम, कॉलमच्या चारी बाजूंनी सारखा. एका बाजूनं दोन फूट आणि दुसऱ्या बाजूनं काही नाही असं झालं तर नवा कॉलम ढकलला जातो. ठोकायला इथं जंपिंग रॅमर चांगला, उभा चालतो आणि अरुंद जागेत फिरतो. तो मिळाला नाही तर लोखंडी धुम्मस, पण मग थर ४ इंचाचाच ठेवा, माणसाच्या हातानं ठोकलेलं त्याच्या खाली फारसं जात नाही. खड्ड्याच्या कडेची मूळ जमीन आणि नवा भराव जिथं भेटतात तिथं आणि कॉलमच्या चार कोपऱ्यांना धुम्मस हातानंच मारा, मशीन तिथं लागत नाही.

> तपासणी: खड्डा भरून झाला की दुसऱ्या दिवशी १२ एमएमची सळई घ्या आणि कॉलमपासून वीतभर अंतरावर दोन्ही हातांनी वजन देऊन दाबा. दोन-तीन इंचांत अडली तर ठीक. फूटभर सरळ खाली गेली तर तो खड्डा परत उकरा. आत्ता उकरायला एक माणूस एक दिवस, नंतर टाइल्स फोडून उकरायला किती, ते तुमचं तुम्ही काढा.

३. बीमच्या खालची वाट बंद करा

हे फार कमी ठिकाणी नीट केलेलं दिसतं. बीमच्या खाली पातळ काँक्रीट घालून वर बीम भरतात आणि ते पातळ काँक्रीट टेकलेलं असतं त्याच भरलेल्या खड्ड्याच्या मातीवर. माती थोडी खाली गेली की बीमच्या खाली फट तयार होते. आत आपण मुरूम भरलेला, बाहेर पावसाचं पाणी वाहतंय, आणि खानापूरकडचा पाऊस तर विचारूच नका, मग त्या फटीतून आतला बारीक माल हळूहळू बाहेर निघून जातो. फरशीखाली पोकळी झाली हे तुम्हाला दोन वर्षांनी कळतं.

म्हणून भराई चालू करायच्या आधी प्रत्येक बीम किंवा चिऱ्याच्या बांधकामाच्या खालून बसून बघा, उजेड दिसतोय का. दिसला तर ती जागा दगड आणि मसाला घालून बंद करा. चिऱ्याच्या सांध्यांत मसाला कमी असेल तर तेही आतून भरून घ्या. जागा काळ्या मातीची असेल तर मात्र हे डोळे झाकून करू नका. तिथं फुगणारी माती बीमला खालून उचलू नये म्हणून काही वेळा बीमच्या खाली मुद्दाम जागा सोडलेली असते, ड्रॉइंग बघा, आणि मग बाजूनं आड लावून माल अडवायचा.

४. आतली जागा तयार करणे

गवत, झुडपं आणि त्यांची मुळं असलेली वरची ६ इंच माती काढून टाका. मुळं कुजली की पोकळ, साधी गोष्ट आहे, पण "वरून तीन फूट भराव येणार हाय, गवतानं काय होतंय" असं म्हणणारे मेस्त्री मला दर साइटवर भेटतात. काढल्यावर खाली जी मूळ जमीन लागेल तिच्यावर थोडं पाणी मारून एकदा मशीन फिरवा, म्हणजे मऊ जागा कुठं आहे ते लगेच दिसतं. जुना उकिरडा, भरलेली चर, झाडाचा बुंधा, असं काही निघालं तर ते पूर्ण काढून मुरूमानं थराथरानं भरा.

बीमला किती दिवस झाले ते बघा. काँक्रीट भरून निदान १० दिवस झाल्याशिवाय आणि पाणी नीट मारल्याशिवाय आतून भराई दाबायची नाही, मी १४ धरतो. सेंटरिंगच्या फळ्या आणि खिळे सगळे निघालेत का ते बघा, आतल्या बाजूच्या फळ्या "राहूदे आतच" म्हणून सोडायची पद्धत आहे, ती वाळवीला आवतण आहे.

ड्रेनेजचे आणि पाण्याचे पाइप कुठून जाणार ते आत्ताच ठरवा आणि बीममधून जाणाऱ्या जागा बीम भरतानाच सोडलेल्या असल्या पाहिजेत. भराई सगळी ठोकून झाल्यावर प्लंबर येतो, चर खणतो, पाइप टाकतो आणि पायानं माती लोटून जातो, मग पुढं बाथरूमच्या दारापासून बाहेरच्या चेंबरपर्यंत एक सरळ रेघ खचते. ती रेघ बघून मी पाइप कुठून गेलाय ते सांगू शकतो. पाइपच्या लेव्हलच्या वर एक थर येईपर्यंत भरा, तो ठोका, मग त्यात चर खणून पाइप टाका, पाणी भरून सांधे गळतायत का ते बघा, बाजूनं वाळू घाला आणि चर हातानं, पातळ थरात ठोकून बंद करा. पाइपच्या माथ्यावर निदान फूटभर माल आल्याशिवाय त्याच्यावर मशीन नको.

आणि बीमवर, कॉलमवर आतल्या बाजूनं रंगानं रेघा मारा. आपल्या हॉलमध्ये २७ इंच आहेत, तर पाच थर, म्हणजे खालून दर साडेपाच इंचाला एक रेघ, शेवटचा थर ५ इंच. ही रेघ ठोकून झाल्यावरची आहे, पसरताना मोकळा मुरूम ७ इंच, म्हणजे रेघेच्या दीड इंच वर. रेघा नसल्या की थर ७ इंचाचा आहे का दीड फुटाचा हे संध्याकाळी कुणीच सांगू शकत नाही.

५. पाणी: किती, आणि कसं कळायचं

सगळ्यात मोठी चूक इथं आहे म्हणून जरा थांबून लिहितो. आपल्याकडची पद्धत अशी की खोली एकदम वरपर्यंत भरायची, मधे दोन-चार भोकं पाडायची, पाइप सोडायचा आणि रात्रभर पाणी चालू ठेवायचं. मेस्त्री सांगतो, "पाण्यानं बसतंय की सगळं, मशीनला कशाला पैसे घालवता ओ काका." काका पण खूश.

नुसती वाळू असेल तर ती पाण्यानं बऱ्यापैकी बसते, कारण पाणी तिच्यातून निघून जातं. मुरूमात आणि तांबड्या मातीत चिकणा भाग असतो, त्यातून पाणी निघत नाही. वरच्या फूटभरात चिखल होतो, सुकल्यावर त्याचा कडक पापुद्रा होतो, पाय आपटला तर एकदम दगडासारखं, आणि खालची ढेकळं आहेत तशीच. वर ते सगळं पाणी बीमच्या खालून फूटिंगच्या जमिनीत मुरतं आणि तीही मऊ करतं. म्हणजे पैसे वाचवून दोन नुकसानं.

माती दाबून घट्ट व्हायला पाणी लागतं, पण मापात. कोरडे कण एकमेकांवर घासतात, सरकत नाहीत. थोडा ओलावा असला की सरकून जवळ येतात. पाणी जास्त झालं की कणांच्या मधली जागा पाण्यानंच भरलेली असते आणि पाणी काही दबत नाही, मग तुम्ही मशीन फिरवताय आणि जमीन गादीसारखी खालीवर होतेय.

मापाची परीक्षा मुठीत आहे. मूठभर मुरूम घ्या, मोठे खडे काढा, घट्ट आवळा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि हाताला चिखल लागला नाही पाहिजे. मग तो गोळा कमरेच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. दोन-चार तुकडे झाले तर बरोबर. पिठासारखा विस्कटला तर कोरडा, थपकन चपटा झाला तर ओला.

आपल्या हॉलचा एक थर म्हणजे ११२ घनफूट मोकळा मुरूम, वजनानं साधारण साडेचार टन. उन्हाळ्यातला कोरडा मुरूम असला आणि त्यात वजनाच्या ७ टक्के पाणी घालायचं म्हटलं तर साधारण ३०० लिटर होतात, म्हणजे २०० लिटरचे दीड बॅरल. मुरूम बदलला की आकडा बदलणार, शेवटचा शब्द मुठीचाच, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं, कारण मिनिटाला २० लिटर सोडणारा पाइप दोन तास विसरला तर २,४०० लिटर होतात. मी म्हणून पाइप देतच नाही, बॅरल आणि झारी देतो. आमच्याकडं गोकाक बाजूची माणसं कामाला असतात, पहिल्या दिवशी दोन-तीन थर माझ्यासमोर केले की मुठीतला गोळा बघून तेच एकमेकांना "साकु, साकु", म्हणजे कन्नडमध्ये पुरे पुरे, म्हणून ओरडतात, परत सांगावं लागत नाही.

जमलं तर गाडीतून उतरलेल्या ढिगावरच आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवा आणि सकाळी फावड्यानं वरखाली करून आत न्या, ओलावा सगळीकडं सारखा येतो. पसरलेल्या थरावर मारलं तर अर्धा तास मुरू द्या.

> सावधान: पाणी जास्त झालंच तर वरून कोरडा मुरूम टाकून झाकू नका. थर फावड्यानं उकरून मोकळा करा, एक-दोन दिवस ऊन खाऊ द्या, परत मूठ बघा.

६. थर पसरणे आणि ठोकणे

जेसीबीनं माल खोलीच्या मधे ओतला तर चालेल, पण बीमच्या अंगावर ओतू नका आणि तिथून पुढं पसरायचं काम फावड्यानं. रेघेच्या दीड इंच वर सगळीकडं सारखं करा. आपल्या हॉलला एका थराला सव्वा ब्रासच्या आत माल लागतो, त्याहून जास्त आत गेला तर थर जाड झालाय, गाड्या मोजल्या तरी कळतं.

मधल्या भिंतीचा बीम असेल तर त्याच्या दोन्ही बाजूच्या खोल्या बरोबरीनं वर आणा. एका खोलीत पाच थर झाले आणि शेजारची रिकामी, असं नको, एका थरापेक्षा जास्त फरक ठेवू नका. बाहेरच्या बीमला बाहेरून आधार नसतो, निदान जमिनीच्या लेव्हलपर्यंत बाहेरची बाजूही भरून ठोकून घ्या. एका साइटवर आत छोटा रोलर घातला होता, चिऱ्याच्या नव्या बांधकामाला अगदी चिकटून फिरवला, आणि संध्याकाळी बघतो तर बाहेरून सांध्याला उभी चीर. रोलर मोठ्या गोडाऊनला ठीक, घराच्या खोलीत प्लेट कॉम्पॅक्टर पुरे आहे. मुरूमाला प्लेट चांगली चालते, माती फार चिकट असली तर तिथंही जंपिंग रॅमरच घ्या.

ठोकायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोपरे आणि कडा, मग मधला भाग. सगळे उलट करतात, मधे मशीन ऐटीत फिरवतात आणि कडेला मशीन अडतं म्हणून सोडून देतात. आधी बीमच्या कडेनं वीतभर पट्टा आणि कॉलमचे कोपरे धुम्मसनं हातानं. इथं थर अर्धा-अर्धा करून घ्या, साडेतीन इंच टाका, ठोका, परत साडेतीन टाका. मग प्लेट कडेकडेनं फिरवत गोल गोल मधे या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निदान एक तृतीयांश चढली पाहिजे. असं चार ते सहा वेळा, आणि एकदा उभं फिरवलं की पुढच्या वेळी आडवं.

झालं कधी म्हणायचं? धुम्मसचा आवाज बदलतो. आधी धप्प धप्प असा बसका असतो, नंतर कडक येतो आणि धुम्मस हाताला उलटी उसळी देते. प्लेटच्या मागं ठसा उमटायचा बंद होतो. आणि थर रेघेवर आलेला असतो. आवाज कडक झाला पण थर रेघेच्या इंचभर वर राहिला, तर थर जाड टाकलाय आणि नुसतं वरचंच बसलंय.

पुढचा थर टाकायच्या आधी खालचा फार गुळगुळीत झाला असेल तर फावड्यानं थोडा खरवडा आणि शिंतोडा मारा, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत.

७. दर दोन थरांनंतर तपासणी

घरच्या घरी करायची एक जुनी परीक्षा आहे. वीतभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, काढलेली सगळी माती एका घमेल्यात ठेवा, मग ती हातानं हलकी परत त्याच खड्ड्यात टाका, दाबायची नाही. खड्डा भरून चांगली उरली तर भराव घट्ट बसलेला आहे, मोकळी झाल्यावर ती फुगलीय. बरोबर पुरली किंवा कमी पडली तर भराव मोकळाच होता. हा खड्डा खोलीच्या मधे नाही, कॉलमच्या जवळ घ्यायचा, मधे घेतला तर सगळे पास होतात.

आकडा पाहिजे असेल तर लॅबवाले वाळू भरून घनता काढतात, तीच रीत समजून घ्या म्हणजे रिपोर्ट वाचता येतो. समजा खड्ड्यातून ३.९ किलो ओली माती निघाली. त्या खड्ड्यात कोरडी वाळू भरली ती २.९ किलो गेली, आणि ही वाळू लिटरला १.४५ किलो भरते हे आधी मोजलेलं आहे, म्हणजे खड्डा २ लिटरचा. लिटरला १.९५ किलो ओली माती झाली. त्यातली थोडी माती तव्यावर पूर्ण सुकवून ओलावा १२ टक्के निघाला, तर १.९५ भागिले १.१२, म्हणजे कोरडी १.७४. याच मुरूमाची जास्तीत जास्त घनता लॅबनं १.८२ दिली असेल तर आपण ९५ टक्क्यांच्या थोडं वर आहोत, आणि ९५ हेच सहसा मागितलं जातं. एका घराला एवढं करणारे कमी असतात, पण भराई तीन-चार फुटांच्या वर असेल तर पहिल्या आणि मधल्या थराला करून घ्या, खर्च मुरूमाच्या एका गाडीएवढाही वाटणार नाही.

थर नापास झाला तर त्याच्यावर जास्त मशीन फिरवून उपयोग नसतो. तो उकरा, पाणी बघा, परत पसरा.

८. शेवटचा थर, वाळवीचं औषध, सोलिंग

शेवटचा थर लेव्हलला आला की पाण्याच्या ट्यूबनं चारी कोपरे बघा. कमी पडलेल्या जागी इंचभर कोरडा मुरूम भुरभुरवून लेव्हल करतात, तो कधी बसत नाही, ती जागा खरवडून थर जाड करूनच भरा.

वाळवीचं औषध या माथ्यावर, सोलिंगच्या आधी मारतात, चौरस मीटरला ५ लिटर द्रावण, आणि भिंतीच्या कडेनं बारीक चर करून त्यात वेगळं. औषध मारून झाल्यावर परत कुणी उकरायचं नाही, उकरलं की तो अडसर तुटला. म्हणून पाइपचं काम राहिलंय का ते आत्ता शेवटचं बघा.

सोलिंगचे दगड हातानं उभे बसवायचे, टोक वर, आणि मधल्या फटी छोट्या दगडांनी ठोकून भरायच्या. ट्रॉलीनं दगड ओतून वरून मुरूम सारला तर फटी खाली रिकाम्याच राहतात. सोलिंगवर मुरूम किंवा वाळू पसरून थोडं पाणी मारून प्लेट फिरवा आणि मगच काँक्रीट.

वेळेचं म्हणाल तर भराई वळवाच्या आधी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये उरकलेली बरी. मधेच पाऊस आला तर चालू थर ताडपत्रीनं झाका, पाणी बाहेर जायला बीममध्ये सोडलेल्या पाइपच्या जागेतून वाट द्या, आणि उघडीप झाल्यावर वरचा मऊ झालेला भाग खरवडून मगच पुढं जा. मिरग तोंडावर आलाय म्हणून दोन दिवसांत पाच थर उरकायची घाई करण्यापेक्षा तीन थर नीट करून काम थांबवलेलं चालतं, भिंती वर जाऊ शकतात, फरशीला घाई नसते.

आधीच भरून झालं असेल तर

फरशी अजून झाली नसेल तर वाचवता येतं. प्रत्येक कॉलमच्या जवळ, प्रत्येक बीमच्या कडेला मधोमध आणि खोलीच्या मधे सळई दाबून बघा, जिथं सरळ आत जाते तिथं खडूनं गोल करा. बहुतेक वेळा सगळी खोली काढावी लागत नाही, कॉलमच्या भोवती तीन-चार फूट आणि बीमच्या कडेनं दोन फुटाचा पट्टा, एवढं खालच्या घट्ट जमिनीपर्यंत उकरा, कडा सरळ उभी न ठेवता पायऱ्यांसारखी उतरती ठेवा म्हणजे जुना आणि नवा भराव एकमेकांत बसतो, आणि वर सांगितल्यासारखं थराथरानं परत भरा. खोलीच्या मधेही सळई आत जात असेल तर मात्र सगळंच काढायचं. रात्रभर पाणी सोडलेलं असेल तर आधी आठ-दहा दिवस सुकू द्या, वरचा पापुद्रा फोडून ठेवा, नाहीतर खालचं पाणी तसंच राहतं आणि मशीन लावलं की सगळी खोली गादीसारखी हलायला लागते.